लांबून मुंबईत तबला घ्यायला यायचंय, दुकानदाराला फोनवर नक्की काय काय विचारून ठेवू?

हर्णैचा_वारा
नमस्कार मंडळी. मी दापोलीजवळ राहतो. मुलगा तबला शिकतोय, त्याच्याकडे आहे तो नात्यातून आलेला लहान तोंडाचा टिपेचा तबला. आता तो गावातल्या एका काकांच्या गाण्याला साथीला बसायला लागलाय आणि काकांची पट्टी काळी एक. आमचा तबला तिथपर्यंत उतरवला की बाजूचे लाकडी गट्टे सैल होऊन हलायला लागतात आणि आवाज नुसता थपथप. गुरुजी म्हणाले काळी एकचा वेगळा तबला घ्या, शिसवी, तोंड सव्वापाच ते साडेपाच इंचाच्या मधलं बघा, डग्गा आहे तोच चालेल.

मुंबईत दोन दुकानांत फोन केला. एक म्हणाले "आहे, या". दुसरे म्हणाले "आलात की बघू, असतोच". आता माझं म्हणणं असं की इथून सव्वादोनशे किलोमीटर, रात्रीची एसटी, पहाटे दादरला उतरायचं, दुकानं उघडेस्तोवर बाकावर बसायचं, दोघांचं तिकीट, माझी एक रजा, त्याची शाळा बुडणार, आणि एवढं करून तिथे गेल्यावर "कालच गेला हो" ऐकून हात हलवत परत यायचं? फोनवर असं काय विचारलं की वस्तू खरंच आहे हे कळेल? आणि बाजूला काढून ठेवा म्हटलं तर ठेवतात का? टोकन द्यावं का?

कुर्ल्याचा_बंट्या
भाऊ सेम टू सेम माझ्यासोबत झालं. मिक्सरचं चटणीचं भांडं हवं होतं, मशीद बंदरच्या दुकानात फोन केला, हो म्हणाला, गेलो तर कपलर वेगळा, बसतच नाही. तेव्हापासून मी मॉडेल नंबरचा फोटो पाठवल्याशिवाय घरातून निघत नाय. तुम्ही पण तबल्याचा कंपनी आणि मॉडेल नंबर व्हॉट्सअ‍ॅप करा ना, सिंपल. नायतर ऑनलाइन मागवा, सात दिवसात रिटर्न असतं.

हर्णैचा_वारा
बंट्या भाऊ, तबल्याला मॉडेल नंबर नसतो हो. 😄 एकाच कारागिराचे दोन तबले शेजारी ठेवले तरी आवाज वेगळा. आणि ऑनलाइनचं गुरुजींनी साफ नको सांगितलंय.

दादरची_मानसी
काका, पहिलं म्हणजे सोमवारी येऊ नका. दादरला सोमवार बंद असतो, कायदाच आहे तसा, एरियाप्रमाणे सुट्टी ठरलेली असते. गिरगावला रविवार. बाकी सकाळी अकराला फोन करून "आहे का" विचारायचं, हो म्हणाले की निघायचं. एवढं टेन्शन घेण्यासारखं काही नाही, मुंबईचे दुकानदार सहसा खोटं बोलत नाहीत.

गल्लेवाला
मानसीताई, अर्धं बरोबर. दादरला बरेच जण अजून सोमवार पाळतात, पण कायद्याने बंद ठेवायलाच हवं असं आता नाहीये. राज्याचा 2017 चा दुकानांचा कायदा आल्यापासून दुकान आठही दिवस... म्हणजे सातही दिवस उघडं ठेवता येतं, फक्त कामगाराला आठवड्यातून एक सुट्टी द्यावी लागते. त्यामुळे कोण सोमवारी बंद, कोण चालू, हे ज्याचं त्यालाच विचारावं लागतं. आणि अकराला फोन करून निघायचं हे तुम्हाला दादरहून ठीक आहे, ते दापोलीहून अकराला निघाले तर शटर पडताना पोचतील.

मी स्वतः लालबागला दुकान चालवतो, वाद्यांचं नाही, पण काउंटरच्या या बाजूचं सांगतो. दिवसभरात "ठेवा हां, येतोच" म्हणणारे ढीग. त्यातले निम्मेसुद्धा येत नाहीत, आणि न येणारा कळवतही नाही. म्हणून आम्ही "हो हो ठेवतो" म्हणतो आणि ठेवत नाही. समोर पैसे घेऊन उभ्या असलेल्या माणसाला "ही कोणासाठी तरी ठेवलीये" सांगून परत पाठवायला जिवावर येतं. खोटं बोलायचा हेतू नसतो, धंदा तसा आहे. तुम्ही नाव, तारीख आणि साधारण वेळ सांगितलीत, आणि कुठून येताय ते सांगितलंत, तर फरक पडतो. "दापोलीहून शुक्रवारी सकाळी मुलाला घेऊन येतोय" असं सांगणारा येतो हे आम्हाला अनुभवाने माहीत असतं. "बघतो, या आठवड्यात जमलं तर" वाल्याचं काही खरं नसतं.

शाईपुडी
धागा आत्ता बघितला. माझ्या मामांचं तबला-ढोलकी दुरुस्तीचं दुकान होतं, मी कॉलेजच्या सुट्ट्यांत तिथे वाद्या, म्हणजे ताण देणाऱ्या चामड्याच्या पट्ट्या, ओढल्यात, अजून ओळखीपाळखीत तोंडावरच्या चामडी पुड्या चढवून देतो. म्हणून थोडं लांबण लावतो.

"आहे, या" यात दुकानदार खोटं बोलत नसतो, पण त्याच्या दृष्टीने तीन वेगवेगळ्या गोष्टी म्हणजे माल असणं. एक, तबला पूर्ण तयार, सुरात लावून फळीवर ठेवलेला. दोन, शिसवी खोड पडलंय आणि पुड्यांची चवड वेगळी पडलीये, गिऱ्हाईक आलं की चढवायची. तीन, दुकानात नाहीच, पण कारागिराकडे किंवा शेजारच्या दुकानात आहे, माणूस पाठवून मागवता येईल. तिन्हीला तो "आहे" म्हणणार, आणि मुंबईतल्या गिऱ्हाइकाला त्याने काही बिघडत नाही, तो परवा परत येईल. तुमचं मरण दुसऱ्या प्रकारात आहे.

कारण असं, की तुम्ही दुकानात पोचल्यावर तो म्हणणार चहा घ्या, दोन-तीन तासांत चढवून देतो. देईलही. काळी एकला लावून तुमच्यासमोर खणखणीत वाजवून दाखवेल. पण नवी पुडी चढवली की चामडं पुढचे कितीतरी दिवस ताणत राहतं, वाद्यापण ताण खातात, म्हणजे स्वर उतरत जातो. रोज थोडं ठोकून वर आणायचं, परत उतरतो. दुकान जवळ असेल तर आठवड्याने नेऊन द्यायचं, तो वाद्या ओढून देतो, काम संपलं. दापोलीला कोण ओढून देणार? म्हणून फोनवर पहिला प्रश्न "आहे का" नाही, "पुडी चढवून किती दिवस झालेत" हा. या प्रश्नाला जो सरळ उत्तर देईल त्याच्याकडे तयार नग आहे. जो म्हणेल "तुम्ही या तर, सगळं करून देतो", त्याच्याकडे खोड आहे.

दुसरं, तोंडाचं माप पट्टी लावून विचारा. साडेपाच म्हणतात आणि पावणेसहा निघतो. मोठ्या तोंडाचा काळी एकला ताणून नेता येतो, पण मग तो आपल्या वरच्या टोकाला वाजत असतो, पुडीला जाच होतो. लहान तोंडाचा खाली ओढला की काय होतं ते तुम्ही ऐकलेलंच आहे.

हर्णैचा_वारा
शाईपुडी, साष्टांग. हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. पण फोनवर तो म्हणाला "चढवून महिना झाला", तर मी कसं ओळखू खरं की खोटं? व्हिडिओ कॉल करून वाजवायला सांगू का? गुरुजींना शेजारी बसवतो.

शाईपुडी
व्हिडिओ कॉल नको, रेकॉर्ड केलेला व्हिडिओ मागवा. कॉल चालू असताना फोन आजूबाजूचा आवाज साफ करायला बघतो, आणि तबल्याचा लांबणारा आस त्याला तसलाच सततचा आवाज वाटतो, तो कापून टाकतो. चांगला तबलासुद्धा कॉलवर टकटक ऐकू येतो. गुरुजी उगीच नापास करतील. रेकॉर्डिंगमध्ये तो प्रकार बराच कमी असतो. तरी गुंज किती आहे, लाकूड कसं बोलतंय, हे फोनच्या स्पीकरवर कळत नाही म्हणजे नाहीच, ते हाताखाली घेऊनच. व्हिडिओवरून स्वर कळतो, सगळीकडे सारखा लागलाय का ते कळतं, आणि नग कुठल्या अवस्थेत आहे ते कळतं. एवढ्यासाठीच तो मागवायचा.

व्हिडिओत काय बघायचं ते सांगतो. चाटेवर, म्हणजे पुडीच्या काठावर, ना वाजवत गोल फिरायला सांगा, वाद्यांमधल्या सोळाही घरांवर. एखाद्या घराला आवाज चढा किंवा बसका येत असेल तर लगेच कानाला टोचतं, गुरुजींना विचारायचीही गरज नाही. मग मधल्या काळ्या शाईच्या कडेला मोकळा तिं, त्यात आस किती चालतो बघा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तबला काळी एकला लागलेला असताना बाजूने गट्टे दाखवायला सांगा. गट्टे मधोमध असतील तर वर-खाली दोन्हीकडे जागा आहे. गट्टे ठोकून पार खाली गेलेले असतील तर ताण संपत आला, पुढे पुडी सैलावली की ठोकायला जागाच नाही. आणि गट्टे वरच्या बाजूला सैल असतील, तर हा तबला मुळात वरच्या पट्टीचा आहे, तुमच्यासाठी खाली उतरवून दाखवतोय. दुकानदार काय सांगतोय ते राहू द्या, गट्टे खोटं बोलत नाहीत.

चढवून किती दिवस झाले हे चाटेवरूनही थोडं कळतं. कोरी पुडी अगदी पांढरट, कडक दिसते, कडेच्या विणलेल्या गजऱ्यावर हातोडीचे घाव नसतात. महिनाभर फळीवर राहून अधूनमधून लावलेल्याचा गजरा जरा दबलेला असतो. हे शंभर टक्के नाही, अंदाज.

लयवेडा
शाईपुडी यांच्याशी एका बाबतीत सहमत नाही. जुनी चढवलेली पुडी बघा हे ठीक, पण दुकानात चार-सहा महिने पडलेला तबला घेऊन तुम्ही काय मिळवलंत? मुंबईची दमट हवा, फळीवर धूळ, शाईला बारीक भेगा जायला सुरुवात झालेली असते. मी तर स्वतः समोर बसून कोरी पुडी चढवून घेतो, पुडी माझ्या हाताने निवडतो. उतरत राहते त्याचं काय, रोज बसणाऱ्याला ठोकता आलंच पाहिजे. मुलगा शिकेल.

शाईपुडी
लयवेडा, तुम्ही कुठे राहता? दादर-परळ असाल तर तुमचं बरोबर आहे. ठोकणं वेगळं आणि वाद्या ओढणं वेगळं. शाळकरी पोराला वाद्या ओढता येत नाहीत, मलाच दुसऱ्या दिवशी बोटं दुखतात. सहा महिने पडलेला नको, कबूल. दोन-चार आठवड्यांचा मिळाला तर सोनं.

लयवेडा
परळच. 😅 पण मुद्दा सोडत नाही. पुडी निवडण्यातच निम्मा तबला असतो.

कल्याण_स्लो
टोकनबद्दल माझा अनुभव लिहिते. हार्मोनियम होती, मुलीसाठी. मी दुकानात जाऊन वाजवून पसंत केली, हजार रुपये दिले, रविवारी गाडी घेऊन नेते सांगितलं. रविवारी तीच म्हणून जी पेटी समोर आली ती ती नव्हती. भाता वेगळा लागत होता, मधल्या सप्तकातला एक सूर बसका. दुकानदार शांतपणे म्हणतो "मॅडम सेम पीस आहे, एकाच लॉटची". मी म्हणतेय मला लॉट नको होता मला ती पेटी हवी होती. हजारासाठी भांडत उभी राहिले, शेवटी मिळाले पण तीनशे कापून, पॅकिंगचे म्हणे. तेव्हापासून माझं मत, टोकन द्यायचं नाही. टोकन दिलं की आपण अडकतो, तो नाही.

काळाकोट
कल्याण_स्लो, तुमच्या केसमध्ये टोकन देण्यात चूक नव्हती, पेटी कुठली ते कुठेही लिहिलं नव्हतं ही अडचण. 1930 च्या माल विक्री कायद्यात ठरलेला विशिष्ट नग आणि नुसताच त्या प्रकारचा माल यात फरक केलेला आहे. "एक हार्मोनियम" असं ठरलं तर तो कुठलीही देऊ शकतो असा युक्तिवाद करतो. "ही, या फोटोतली" असं ठरलं तर त्याला दुसरी गळ्यात मारता येत नाही. अर्थात पाच-सहा हजाराच्या वस्तूसाठी कोर्टात कोणी जात नाही आणि जाऊही नये, पण लिहिलेलं असलं की काउंटरवरच्या भांडणात तुमची बाजू जड होते. हर्णैकर, टोकन द्यायचं तर चार गोष्टी एका मेसेजमध्ये टाका: कुठला नग, किती रकमेला ठरला, कधीपर्यंत ठेवायचा, आणि समोर वाजवून पसंत नाही पडला तर टोकनचं काय. त्याने "ओके" एवढं टाइप केलं तरी पुष्कळ.

गल्लेवाला
काळाकोट साहेब बरोबर, पण शेवटची अट टाकताना भाषा जपून. "रिफंड न दिल्यास" वगैरे लिहिलंत की दुकानदार म्हणतो हा कटकट्या आहे, याच्यासाठी नको ठेवायला. "पसंत नाही पडला तर टोकन परत द्याल ना?" असं विचारा, तो हो म्हणतो. आणि टोकन पाचशेच्या आसपास ठेवा. शंभर दिलेत तर तो मनावर घेत नाही, दोन हजार दिलेत तर तुम्ही गळाला लागलात.

एक अजून, गणपतीच्या आधीचे पंधरा-वीस दिवस सोडा. तेव्हा वाद्यांच्या दुकानांत ढोलक्या, मृदंग आणि दुरुस्तीची नुसती रीघ असते, कोण कोणासाठी काय ठेवणार. आमच्या गल्लीतला पुडीवाला तेव्हा फोनच उचलत नाही.

कुर्ल्याचा_बंट्या
म्हणजे फोटोवर आजची तारीख टाकून घ्यायची. मी मोबाईल घेताना तसंच करतो, बॉक्सचा आयएमईआय नंबर.

शाईपुडी
बंट्या आता लायनीवर आला. हो, नंबर नाही म्हणून आपणच खूण करायची. कागदाच्या चिठ्ठीवर तुमचं नाव आणि तारीख लिहून खोडाला चिकटवायला सांगा आणि त्याच व्हिडिओत वाजवायला सांगा. शिसवाच्या खोडावर रेषा असतात, दोन खोडांवर सारख्या कधीच नसतात, चिठ्ठीशेजारची रेषा नीट दिसली पाहिजे. दुकानात गेल्यावर फोन काढून रेषा जुळवायच्या. चिठ्ठी दुसऱ्या तबल्यावर लावता येते, रेषा नाही.

हर्णैचा_वारा
मंडळी, अपडेट. दोन्ही दुकानांत परत फोन केला. "आलात की बघू" वाल्यांना पुडीचा प्रश्न विचारला तर म्हणाले, "अहो तुम्ही या तर, समोर चढवून देतो ना." म्हणजे शाईपुडी म्हणतात तसं खोड. त्यांना नम्रपणे नको म्हटलं.

"आहे, या" वाल्यांशी झालेलं बोलणं जसंच्या तसं लिहितो, कोणाला तरी उपयोग होईल.

मी: काका, काळी एकचा शिसवी, परवा बोललो होतो, दापोलीहून. तयार आहे की पुडी चढवायचीये?
ते: तयार दोन आहेत. एक गेल्या आठवड्यात केलाय, एकाला महिना होत आला.
मी: महिनावाल्याचं तोंड किती?
ते: साडेपाच.
मी: पट्टी लावून बघाल का प्लीज, आमच्या गुरुजींनी विचारलंय.
(दोन मिनिटं नुसताच दुकानातला आवाज, कोणीतरी ढोलकी ठोकतंय.)
ते: सव्वापाचला एक सूत जास्त.
मी: चालेल. काय किंमत?
ते: साडेसहा. डग्गा घेतलात तर जोडीत कमी करू.
मी: डग्गा आहे. काका, शुक्रवारी सकाळी मुलाला घेऊन येतो. तो एक बाजूला ठेवाल का, पाचशे आत्ता पाठवतो. वाजवून नाही पटला तर परत द्याल ना?
ते: अहो पटेल, न पटायला काय झालं. द्या पाठवून.
मी: आणि एक छोटा व्हिडिओ पाठवाल का, वाजवून, नावाची चिठ्ठी लावून?
ते: (हसले) पोरगं दुपारी येतं ते पाठवेल, मला ते जमत नाही.

संध्याकाळी व्हिडिओ आला. पोरगं बहुतेक वाजवणारं आहे, छान गोल फिरून ना वाजवलाय. गुरुजींनी ट्यूनर लावला, `C#` म्हणजे काळी एकच दाखवतोय, पण काटा जरा खाली. आणि एक घर, चिठ्ठीपासून डावीकडचं तिसरं, तिथे आवाज बसका येतोय असं मुलगा म्हणाला, मला काही कळलं नाही. गट्टे मधल्यापेक्षा थोडे खाली दिसतात. आता काय करू?

शाईपुडी
काटा थोडा खाली याची काळजी नको, हातोडीचे दोन ठोके. तसंही काकांची पेटी ट्यूनरला तंतोतंत जुळत असेल असं नाही, जुन्या पेट्या खाली-वर असतात. काकांच्या पेटीची काळी एक लांब धरून रेकॉर्ड करून घेऊन या, दुकानात त्या आवाजाला लावून मागा, ट्यूनरला नको.

बसकं घर हे बघावं लागेल. गजऱ्यावर तेवढ्या जागी वरून ठोकून वर आलं तर प्रश्नच नाही, नुसतं लावणं राहिलंय. नाही आलं, किंवा आलं आणि शेजारची दोन घरं बिघडली, तर तिथे पुडी पातळ आहे किंवा वादी नीट ओढलेली नाही. त्यांना आत्ताच सांगा की तेवढं घर लावून परत एकदा वाजवून पाठवा. चिडणार नाहीत, कारागिराला अशी चौकशी आवडते, गिऱ्हाइकाला कान आहे हे कळतं.

गट्टे मधल्यापेक्षा थोडे खाली, महिन्याच्या पुडीला हे अपेक्षितच आहे, ताणून झालीये. अजून दोन बोटं जागा असेल तर मी घेतला असता.

लयवेडा
मी नसता घेतला. महिन्यात गट्टे खाली गेले म्हणजे वाद्या सुरुवातीला सैल ओढल्यात. दुकानात गेल्यावर वाद्या एकदा ओढून मागा, फुकट करून देतात.

शाईपुडी
ओढून मागितल्या तर परत नव्या पुडीसारखं ताणणं सुरू होईल, थोडं का होईना. एसटीत बसायच्या दिवशी नको ते.

लयवेडा
महिन्याच्या पुडीला काही होत नाही हो.

दादरची_मानसी
तुम्ही दोघं भांडत बसा, काकांची गाडी सुटेल. 😂 काका, पावसाळ्यात येताय ना? माझ्या भावाचा तबला जुलैत उतरतो आणि उन्हाळ्यात चढतो, दर वर्षी. दुकानात एसी असेल आणि तुमच्याकडे समुद्रावरची दमट हवा, तर घरी गेल्यावर खाली लागेलच. तेव्हा दुकानदाराने फसवलं म्हणून त्याला फोन करू नका.

शाईपुडी
मानसीताई हे अगदी बरोबर. चामडं दमट हवेत सैलावतं. म्हणूनच खाली जागा शिल्लक असलेले गट्टे हवेत.

कल्याण_स्लो
आणि पैसे पूर्ण देण्याआधी रेषा जुळवा. मी नाही जुळवल्या.

हर्णैचा_वारा
सगळ्यांचे आभार. त्यांनी परत व्हिडिओ पाठवला, ते घर बऱ्यापैकी वर आलंय, मुलाच्या मते अजून किंचित फरक आहे, गुरुजींच्या मते मुलगा जास्त शहाणा झालाय. शेजारची घरं ठीक. पाचशे पाठवले आणि काळाकोट साहेबांनी सांगितलं तसं पण गल्लेवाला यांच्या गोड भाषेत मेसेज टाकला:

"काका, व्हिडिओतला चिठ्ठी लावलेला तबला, तोंड सव्वापाच, ठरलेले 6500, टोकन 500 पाठवले. शुक्रवारी सकाळी येतो, उशीर झाला तर फोन करतो, शनिवारपर्यंत ठेवावा. वाजवून पटला नाही तर टोकन परत द्याल असं बोललो होतो."

उत्तर आलं, अंगठा आणि "या". अंगठ्याला ओके समजायचं ना काळाकोट?

काळाकोट
समजा. त्यापुढे "धन्यवाद काका, तुम्ही हो म्हणालात म्हणून निघतोय" एवढं अजून टाका, म्हणजे अंगठा कशाला होता ते स्पष्ट होईल.

गल्लेवाला
आणि गुरुवारी संध्याकाळी निघायच्या आधी एक फोन. "निघतोय" एवढंच. याने तबला राहतो हे नक्की नाही, पण गेला असेल तर तुम्ही घरी असतानाच कळतं.

कुर्ल्याचा_बंट्या
एसटीत मागच्या सीटवर ठेवू नका, उडतो. मांडीवर घ्या. आणि चुंबळ घेतली का? माझा मिक्सर...

हर्णैचा_वारा
मिक्सर नको बंट्या भाऊ 😄 चुंबळ घरी आहे.

दादरची_मानसी
दुकान दुपारी जेवायला बंद होतं का ते विचारलंत? काही जण दोन तास शटर ओढतात.

हर्णैचा_वारा
विचारलं. दीड ते तीन. उघडतं साडेदहाला, आम्ही दारातच असू. ती दुसरी आठवड्याभराची पुडी पण समोर वाजवून बघतो म्हणजे लयवेडा साहेबांचं समाधान होईल.